सबस्क्रिप्शन थांबवलं की नक्की काय थांबतं?

घोडबंदर रोडच्या कुठल्याही सोसायटीत बारावीचा मुलगा असलेल्या घरी डिसेंबर महिन्यात एक निर्णय हमखास होतो: गेमचं सबस्क्रिप्शन बंद. माझ्या ताईच्या घरीही यंदा तो झाला. भाचा बारावीला, कासारवडवलीच्या घरात सोनीचा एक गेम कन्सोल पीएस ५, म्हणजे प्लेस्टेशन ५, त्यावर प्लेस्टेशन प्लसची एक्स्ट्रा योजना, मुदत १० डिसेंबरला संपणारी. ताईचा हिशोब सरळ होता. पैसे भरणं थांबवायचं, म्हणजे गेम थांबतील. परीक्षा झाल्या की पुन्हा भरायचे, म्हणजे गेम परत येतील.

यातलं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं समजून घ्यायला या मासिक शुल्कात नक्की काय काय येतं ते सुटं करून बघावं लागतं. शुल्क एकच असलं तरी त्यात ऑनलाइन खेळण्याची परवानगी, दर महिन्याला मिळणारे गेम, बदलत राहणारा कॅटलॉग आणि सेव्ह, म्हणजे खेळाची साठवलेली प्रगती, ठेवायची क्लाउडमधली जागा अशा चार वेगळ्या गोष्टी असतात. पैसे थांबल्यावर त्या चारही एकाच दिवशी बंद होतात, पण परत येताना प्रत्येकीचा नियम निराळा असतो. लोकांचा घोळ होतो तो इथेच.

मी प्लेस्टेशनचंच उदाहरण घेतोय, कारण ताईकडे तेच आहे आणि त्यात चारही गोष्टी ठळक दिसतात. एक्सबॉक्स आणि पीसीवाल्यांसाठी जिथे फरक आहे तिथे सांगेन.

आधी योजनांची रचना. २०२२ साली सोनीने जुनं एकच प्लस मोडून त्याचे तीन मजले केले. भारतात त्यांची नावं इसेन्शियल, एक्स्ट्रा आणि डिलक्स. इसेन्शियलमध्ये ऑनलाइन मल्टिप्लेअर, महिन्याचे गेम आणि क्लाउड सेव्ह मिळतात. एक्स्ट्रामध्ये त्यावर गेम कॅटलॉग चढतो. डिलक्समध्ये त्याच्याही वर जुने क्लासिक गेम आणि नव्या गेमची ठराविक तासांची चाचणी. सुरुवातीचे भारतातले दर असे होते: इसेन्शियल महिन्याला ४९९ रुपये, वर्षाला २,९९९, एक्स्ट्रा ७४९ आणि ४,९९९, डिलक्स ८४९ आणि ५,७४९. पुढच्याच वर्षी वार्षिक योजनांचे दर जगभर वाढले, त्यामुळे आज पैसे भरण्याआधी स्टोअरवरचा आकडाच बघा. हे जुने आकडे दिले ते रचना कळावी म्हणून. महिन्यामहिन्याने भरणाऱ्याला त्या दरात इसेन्शियलच वर्षाला ५,९८८ रुपयांना पडत होतं, म्हणजे वार्षिक योजनेच्या जवळजवळ दुप्पट.

वरच्या मजल्यावर जाताना एक गोष्ट माहीत हवी. समजा तुम्ही वर्षाचं इसेन्शियल घेतलंत आणि तीन महिन्यांनी वाटलं, एक्स्ट्राचा कॅटलॉग दिवाळीच्या सुट्टीपुरता बघू या. तसा ‘पुरता’ मिळत नाही. उरलेल्या सगळ्या मुदतीचा फरक एकदम भरावा लागतो. वरच्याच दरांनी वर्षाचा फरक २,००० रुपये, तर उरलेल्या नऊ महिन्यांचे साधारण १,५०० रुपये त्याच क्षणी जातात. खाली उतरायचं असेल तर मात्र लगेच उतरता येत नाही, चालू मुदत संपेल तेव्हाच उतरता येतं. ज्याला कॅटलॉग फक्त सुट्टीत हवा असतो त्याने वर्षाचं काही घेऊच नये. सुट्टीच्या महिन्याचं एक्स्ट्रा घ्यावं आणि त्याच दिवशी आपोआप नूतनीकरण बंद करून ठेवावं. ते बंद केल्याने चालू मुदत कापली जात नाही, भरलेल्या शेवटच्या दिवसापर्यंत सगळं चालू राहतं. ही साधी गोष्ट माहीत नसल्याने कितीतरी लोक ‘शेवटच्या दिवशी बंद करू’ म्हणतात, विसरतात आणि पुढचे पैसे कापले जातात.

आता ताईच्या घरात ११ डिसेंबरच्या सकाळी काय होईल ते बघू.

सगळ्यात आधी ऑनलाइन खेळणं. भाचा इए कंपनीचा फुटबॉल गेम खेळतो, डिस्क विकत घेतलेली. डिस्क त्याची, पैसे मोजून घेतलेली, तरी मित्रांशी ऑनलाइन सामना लावायला प्लस लागतं. पीएस ४ आल्यापासून, म्हणजे २०१३ पासून, हा नियम आहे. त्याआधीच्या पीएस ३ वर ऑनलाइन खेळणं फुकट होतं. मुदत संपली की त्या गेममधला करिअरचा भाग, एकट्याने किंवा शेजारी बसून दोघांनी खेळायचा भाग चालू राहतो. फक्त ऑनलाइनचं दार बंद होतं. माझ्या मते सगळ्या सबस्क्रिप्शनमधली ही सर्वात न पटणारी गोष्ट आहे. इंटरनेटचे पैसे आपण वेगळे भरतो, गेमचे वेगळे, आणि तिसरा टोल हा. पीसीवर स्टीम या ऑनलाइन गेम दुकानात असा टोल नाही. एक्सबॉक्सवर तो आहे. तिथे ऑनलाइनसाठी त्यांच्या सबस्क्रिप्शनची, म्हणजे गेम पासची, निदान सर्वात खालची योजना लागते, तिचंही नाव आता इसेन्शियलच.

पण या नियमाला एक मोठा अपवाद आहे आणि ताईचा हिशोब तिथेच कोसळला. जे गेम मुळातच फुकट आहेत त्यांना ऑनलाइन खेळायला प्लस लागत नाही. फोर्टनाइट, रॉकेट लीग, ईफुटबॉल, वॉरझोन हे सगळे ११ डिसेंबरलाही जसेच्या तसे चालतात. एक्सबॉक्सवरही २०२१ पासून तसंच आहे. आणि बारावीच्या मुलाचा खरा वेळ कुठे जातो? कॅटलॉगमधल्या चाळीस तासांच्या गोष्टीरूप गेममध्ये नव्हे, तर ‘मामा, एकच मॅच’ म्हणत रात्री साडेबारापर्यंत चालणाऱ्या फोर्टनाइटमध्ये. म्हणजे सबस्क्रिप्शन बंद करून पैसे वाचले, अभ्यासाचा वेळ काही वाचला नाही. तो वाचवायचा असेल तर जागा दुसरी आहे. मुलाचं खातं पालकाच्या खात्याला कुटुंब म्हणून जोडलेलं असेल तर ‘Settings > Family and Parental Controls’ मध्ये रोजची वेळमर्यादा घालता येते. मी हे ताईला दाखवलं तेव्हा भाच्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी अजून विसरलेलो नाही.

दुसरी गोष्ट, महिन्याचे गेम. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी प्लसच्या सगळ्या योजनांना दोन-चार गेम दिले जातात. ते त्या महिन्याच्या खिडकीत आपल्या लायब्ररीत जमा करून घ्यावे लागतात, स्टोअरवर ‘Add to Library’ दाबून. डाउनलोड केलं नाही तरी चालतं, जमा केलं की पुरे. हे गेम आपले होतात का? निम्मे-शिम्मे. प्लस चालू असेपर्यंत ते चालतात, बंद झालं की त्यांच्यावर कुलूप दिसतं. पुन्हा प्लस घेतलं, मग ते सर्वात खालचं इसेन्शियल का असेना आणि मध्ये दोन वर्षं का गेली असेनात, की कुलूप निघतं. एक ठोस उदाहरण घ्या. डिसेंबर २०२२ मध्ये मास इफेक्ट लेजेंडरी एडिशन, म्हणजे तीन मोठ्या गेमचा संच, महिन्याचा गेम म्हणून दिला होता. ६ डिसेंबरपासून जानेवारीच्या पहिल्या मंगळवारपर्यंत, म्हणजे ३ जानेवारी २०२३ ला नवे गेम येईपर्यंत, ज्याने तो जमा केला, त्याला तो आजही प्लस असताना खेळता येतो. ज्याने ४ जानेवारीला प्लस घेतलं, त्याला त्या खिडकीतून तो कधीच मिळणार नाही.

म्हणून डिसेंबर ते मे सबस्क्रिप्शन बंद ठेवण्याचा खरा तोटा काय, तर मधल्या महिन्यांचे गेम कायमचे हुकतात. आधी जमा केलेले कुठे जात नाहीत. भाच्याच्या लायब्ररीत अशा जमा केलेल्या गेमची चांगली रांग आहे. ती सगळी त्या दिवशी कुलपात जाईल आणि परत पैसे भरले की सगळी उघडेल.

तिसरी गोष्ट कॅटलॉग, आणि सगळ्यात जास्त गैरसमज याच्याभोवती आहेत. एक्स्ट्राचा कॅटलॉग म्हणजे वाचनालयाची वर्गणी. कपाटात शेकडो पुस्तकं, हवी ती न्या. फक्त या वाचनालयाचा माणूस घरी येऊन अर्धं वाचलेलं पुस्तकही परत घेऊन जातो, आणि तेसुद्धा वर्गणी भरलेली असताना. कारण कॅटलॉगमधले बरेच गेम सोनीचे नसतात. गेम बनवणाऱ्या कंपनीशी ठराविक मुदतीचा करार असतो, तो संपला की गेम जातो. जीटीए ५ हे याचं गाजलेलं उदाहरण. डिसेंबर २०२३ मध्ये तो एक्स्ट्रामध्ये आला, जून २०२४ मध्ये निघून गेला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परत आला. मधल्या पाच महिन्यांत ज्यांच्या कन्सोलवर तो उतरवलेला होता आणि ज्यांचं एक्स्ट्रा चालू होतं, त्यांनाही तो उघडता येत नव्हता. सोनीचे स्वतःचे गेमही सुटत नाहीत. होरायझन झिरो डॉन हा त्यांच्याच घरचा गेम मे २०२४ मध्ये कॅटलॉगमधून काढला गेला.

बदल साधारण महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी होतो. जाणाऱ्या गेमची नावं त्याआधी काही आठवडे कन्सोलच्या प्लस विभागात ‘Last chance to play’ या नावाखाली दिसतात. मोठा गेम अर्धवट असेल तर तो विभाग महिन्यातून एकदा बघायची सवय लावा, एवढंच त्यावर करता येण्यासारखं आहे.

इथे महिन्याचा गेम आणि कॅटलॉगचा गेम यातला फरक घट्ट धरून ठेवायला हवा, कारण लायब्ररीत दोन्ही शेजारी-शेजारी सारखेच दिसतात. महिन्याचा गेम एकदा जमा केला की कुठलीही प्लस योजना त्याची किल्ली. कॅटलॉगच्या गेमला दोन अटी एकाच वेळी लागतात: आपली योजना एक्स्ट्रा किंवा वरची हवी आणि तो गेम त्या दिवशी कॅटलॉगमध्ये असायला हवा. भाच्याने मे महिन्यात परत येताना पैसे वाचवायला इसेन्शियल घेतलं, तर महिन्याचे सगळे गेम उघडतील आणि कॅटलॉगवाले सगळे कुलपातच राहतील. तो मला फोन करून ‘मामा, पैसे भरले तरी निम्मे गेम लॉक आहेत’ म्हणेल, हे मी आत्ताच लिहून ठेवतो.

एक बाब आणखी, जिच्यात खरे पैसे अडकतात. कॅटलॉगमधल्या गेमसाठी वेगळे विकत घेतलेले जास्तीचे भाग, नकाशे, पात्रं हे सगळं आपलंच राहतं, पण मूळ गेम गेल्यावर ते चालवायला काही उरत नाही. भाच्याने एका कॅटलॉग गेमचा पुढचा भाग दिवाळीत सवलतीत घेतला होता. मूळ गेम कुलपात गेला की तो भाग लायब्ररीत ‘विकत घेतलेला’ म्हणून दिसेल आणि सुरू होणार नाही. मूळ गेम विकत घेतला तर तो पुन्हा चालू लागतो. म्हणून माझा नियम असा की कॅटलॉगच्या गेमवर वेगळा रुपयाही खर्च करायचा नाही. तेवढा आवडला असेल तर मूळ गेमच सवलतीत घ्यावा. एक्सबॉक्स गेम पासमध्ये यादीतले काही गेम विकत घेताना सदस्याला २० टक्क्यांपर्यंत सूट असते, ती याच कामासाठी वापरावी. प्लसच्या सवलतीत विकत घेतलेला गेम मात्र प्लस संपल्यावरही आपलाच राहतो. लोकांना उगाच शंका असते, म्हणून सांगितलं.

डिस्क विकत घेऊन पुढे खेळायचा विचार असेल तर थोडं जपून. कॅटलॉगमध्ये तुम्ही पीएस ५ ची आवृत्ती खेळत होतात आणि डिस्क पीएस ४ ची आणलीत, तर दोघांचे सेव्ह आपोआप एकमेकांत जात नाहीत. काही गेम तशी सोय देतात, पण ती त्या-त्या गेमवर अवलंबून. दुबईहून कोणी आणलेल्या स्वस्त डिस्कचंही तेच. दुसऱ्या प्रदेशाची आवृत्ती निघाली तर जुना सेव्ह आणि इथे घेतलेले जास्तीचे भाग तिच्याशी जुळत नाहीत. स्टेशनबाहेरच्या दुकानात जुनी डिस्क घेताना पाठच्या बाजूची बारीक अक्षरं वाचायला दोन मिनिटं द्या.

आता चौथी गोष्ट, सेव्ह. माणूस नवा गेम हुकला तर चरफडतो, पण साठ तासांची प्रगती गेली तर रडतो, म्हणून इथे जरा थांबू.

प्लस असताना पीएस ५ च्या सेव्हसाठी क्लाउडमध्ये १०० जीबी जागा मिळते आणि पीएस ४ च्या सेव्हसाठी वेगळी १०० जीबी. आकडा ऐकून मर्यादा जागेची आहे असं वाटतं. प्रत्यक्षात एका गेमचा सेव्ह बहुधा काही एमबीचा असतो, त्यामुळे घरगुती खेळाडूची जागा भरत नाही. खरी मर्यादा वेगळी आहे. क्लाउडमध्ये एका गेमच्या सेव्हची एकच प्रत राहते. नवी प्रत चढली की जुनी गेली. गेममध्ये चुकून स्वतःच्याच जुन्या जागेवर नवा खेळ सुरू करून सेव्ह केलात, तर थोड्या वेळात क्लाउडवरही तीच चूक जाऊन बसते. मागच्या आठवड्याची प्रत मागण्याची सोय नाही.

भाचा शनिवारी कधी कधी माझ्याकडे ऐरोलीला येतो आणि माझ्या पीएस ५ वर स्वतःच्या खात्यातून खेळतो. तेव्हा दोन कन्सोलवर एकाच गेमचे दोन सेव्ह तयार होतात. नंतर घरी गेम उघडताना पडदा विचारतो, कन्सोलवरचा सेव्ह ठेवू की क्लाउडवरचा? दोन्हींची तारीख आणि वेळ तिथेच दिलेली असते. घाईत वरचा पर्याय दाबणाऱ्याचा शनिवारचा खेळ तिथेच पुसला जातो. तारीख वाचायची आणि मगच बटण दाबायचं, दुसरा उपाय नाही.

आणि आपल्याकडची एक खास अडचण. सेव्ह क्लाउडवर आपोआप चढतो तो गेम बंद केल्यानंतर किंवा कन्सोल रेस्ट मोडमध्ये झोपलेला असताना. आपल्या घरांत रात्री झोपण्यापूर्वी कोणीतरी फेरी मारतं आणि भिंतीवरची सगळी बटणं बंद करतं. गेम घाईत सोडून लगेच कन्सोलचा वीजपुरवठा तोडला की त्या दिवसाचा सेव्ह वर गेलेलाच नसतो. कन्सोलवर तो असतो, म्हणून कोणाला कळतही नाही. कन्सोल बिघडतो त्या दिवशी कळतं, की क्लाउडवरची प्रत तीन आठवड्यांपूर्वीची आहे. महत्त्वाचा गेम असेल तर त्याच्या चौकटीवर ‘Options’ दाबून सेव्ह हाताने वर चढवता येतो.

आता ताईचा प्रश्न: १० डिसेंबरनंतर सेव्हचं काय? कन्सोलवरच्या सेव्हला काहीही होत नाही. गेम कुलपात गेला, इतकंच काय, जागा करायला गेम पुसून टाकला, तरी सेव्ह कन्सोलवर वेगळा राहतो. क्लाउडवरच्या प्रतीपर्यंत मात्र पोहोचता येत नाही, ना वर चढवता येत, ना खाली उतरवता येत. ती प्रत सोनी सहा महिने सांभाळते, त्यानंतर ती पुसली जाऊ शकते. म्हणजे आपली तारीख १० जूनच्या आसपासची. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये संपेल, पण त्यानंतर सीईटी आहे, आणि ताई मेअखेरपर्यंत ढळणार नाही. तरी बसतं. मात्र निकाल, प्रवेश, कॉलेज अशी टाळाटाळ होत जुलै उजाडला, तर क्लाउडमधली प्रत राहील असं धरून चालू नका.

याचा अर्थ त्या सहा महिन्यांत सगळा भरवसा एकट्या कन्सोलवर आहे. पीएस ४ च्या गेमचे सेव्ह पेनड्राइव्हवर उतरवता येतात, पीएस ५ वर खेळत असलात तरी: ‘Settings > Saved Data and Game/App Settings > Saved Data (PS4)’ मध्ये जाऊन. पीएस ५ च्या गेमचे सेव्ह असे सुटे काढता येत नाहीत. त्यांना प्लस नसताना एकच वाट उरते, ती म्हणजे सगळ्या कन्सोलचा बॅकअप यूएसबी हार्ड डिस्कवर घेणं. ‘Settings > System > System Software > Back Up and Restore’ मध्ये तो आहे. बॅकअप घेताना गेम वगळून फक्त सेव्ह निवडला तर वेळ आणि जागा दोन्ही वाचतात. पण तो परत टाकताना कन्सोल आधी पूर्ण पुसला जातो, त्यामुळे ही रोजची सोय नव्हे, अडीअडचणीची आहे. एक्सबॉक्सवाल्यांनी या सगळ्या परिच्छेदाकडे दुर्लक्ष करावं. त्यांच्याकडे क्लाउड सेव्ह सबस्क्रिप्शनशिवायच मिळतो. या एका बाबतीत सोनीने त्यांचं अनुकरण करायला हरकत नव्हती.

घरात आणखी एक खातं आहे, धाकट्या भाचीचं. ती दादाच्या प्लसवर खेळते. पीएस ५ वर ‘Console Sharing and Offline Play’ चालू असेल तर ज्याच्या नावावर प्लस आहे त्याचे महिन्याचे गेम, कॅटलॉग आणि ऑनलाइन खेळणं त्या कन्सोलवरच्या इतर खात्यांनाही मिळतं. क्लाउड सेव्ह मात्र मिळत नाही. तो फक्त प्लसधारकाच्या खात्याचा. वर्षभर भाचीला वाटत होतं की तिचं सगळं ‘वर’ ठेवलेलं आहे. वर काहीच नव्हतं. सबस्क्रिप्शन चालू असो वा बंद, तिचे सेव्ह फक्त त्या एका डब्यात आहेत, म्हणून बॅकअपची गरज भाच्यापेक्षा तिला जास्त. तो घेताना कन्सोलवरच्या सगळ्या खात्यांचा मिळून घेतला जातो हे बरं.

१० डिसेंबरच्या आधी आम्ही केलं ते इतकंच. डिसेंबरचे गेम पहिल्या मंगळवारी आले होते, ते जमा करून घेतले. भाचा अर्ध्यावर असलेल्या गेमचे सेव्ह हाताने वर चढवले. एक जुनी हार्ड डिस्क लावून बॅकअप घेतला. आपोआप नूतनीकरण बंद केलं. ते बंद आहे की नाही हे ‘Settings > Users and Accounts > Account > Payment and Subscriptions > Subscriptions’ मध्ये दिसतं, तिथे पुढच्या वसुलीऐवजी संपण्याची तारीख दिसायला हवी. ज्यांना उलट ते चालू ठेवायचं आहे त्यांनीही हे पान अधूनमधून बघावं. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरच्या अशा आवर्ती वसुलीला ग्राहकाची आधी नोंदवलेली मंजुरी लागते आणि बँकेने किमान २४ तास आधी सूचना द्यावी लागते. मंजुरी नसेल तर वसुली फसते, प्लस निमूट बंद पडतं आणि शुक्रवारी रात्री चार मित्र वाट बघत असताना पडद्यावर कुलपं दिसतात. कन्सोल बिघडलाय असं समजून दुकानात धावण्याआधी हे पान उघडा.

परत येताना, मेअखेरीस, एक महिन्याचं एक्स्ट्रा घ्यायचं असं ठरलंय, कारण कॅटलॉगमधला अर्धवट गेम भाच्याला पुरा करायचा आहे. तो गेम तेव्हा कॅटलॉगमध्ये आहे का, हे पैसे भरण्याआधी स्टोअरवर त्या गेमच्या पानावर बघून घ्यायचं. तिथे प्लसचं चिन्ह नसेल तर एक्स्ट्रा घेण्यात अर्थ नाही. तोच गेम विकत घेतला तर त्याच आवृत्तीत सेव्ह जिथे सोडला तिथून पुढे चालेल, आणि बाकीच्यांसाठी इसेन्शियल पुरेल. पैसे भरूनही कुलपं तशीच राहिली तर ‘Settings > Users and Accounts > Other > Restore Licenses’ दाबायचं. कन्सोल आपल्या खात्यावर काय काय हक्क आहेत ते सर्व्हरला पुन्हा विचारतो आणि बहुतेक कुलपं निघतात. त्यानंतरही एखाद्या गेमवर कुलूप राहिलं, तर तो कॅटलॉगमधून गेलेला आहे किंवा आपण घेतलेली योजना त्याच्या खालच्या मजल्यावरची आहे.